ऑपरेशन थिएटरबाहेरची एक रात्र: ही कथा कशी बांधावी

नवरा आत, बायको बाहेर बाकावर, मध्ये बंद दार आणि पुढे अख्खी रात्र. कथेला लागतं ते सगळं यात आहे असं वाटतं, म्हणून ही कथा लिहायला अनेकजण घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मात्र अडतात, कारण दाराच्या अलीकडे काही घडतच नाही. मग एकतर लग्नापासूनचा सगळा संसार आठवणींतून सांगितला जातो, नाहीतर घड्याळ, दिवे, फिनेलचा वास यांची वर्णनं लांबत जातात. दोन्हींमध्ये ती रात्र हातातून निसटते.

माझ्या मते अडचण वाट पाहण्याची नाहीच. आत काहीतरी घडतं, त्याची बातमी उशिरा बाहेर येते, अर्धीच येते, आणि बाहेरची बाई आपल्या भीतीप्रमाणे तिचा अर्थ लावते. कथा या फरकात आहे. त्यामुळे आधी आतली रात्र लिहायची, जी वाचकाला कधीच दिसणार नाही. मग त्यातलं जेवढं दाराबाहेर आलं तेवढंच त्या बाईच्या हाती द्यायचं. खाली हे एका उदाहरणावर करून दाखवतो.

पहिली पायरी: गाठ कुठे आहे आणि रात्रच का?

ठरवून केलेली गाठीची शस्त्रक्रिया बहुधा सकाळी सुरू होते. सर्जन ताजेतवाने असतात, पॅथॉलॉजी, रक्तपेढी, एक्स-रे सगळं चालू असतं. म्हणजे रात्रीला कारण लागतं. ते कारण लेखकाने ठरवलं नसेल, तर दवाखान्यात काम करणारा कुणीही पहिल्याच पानावर कथेबाहेर पडतो.

कारणं मोजकीच असतात. मेंदूतल्या गाठीत अचानक रक्तस्राव होतो आणि माणूस शुद्ध हरपायला लागतो. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबली जाते आणि दिवसभरात पायांतली ताकद जाते. मोठ्या आतड्यातल्या गाठीमुळे वाट पूर्ण बंद होते आणि पोट फुगत जातं. किंवा दुपारी सुरू झालेलं मोठं ऑपरेशन अंदाजापेक्षा लांबतं. यातलं प्रत्येक कारण वेगळी कथा देतं. मेंदूच्या गाठीत बायकोपुढचा प्रश्न असतो, उद्या उठेल तो हाच माणूस असेल का. मणक्याच्या गाठीत, तो चालेल का. आतड्याच्या गाठीत प्रश्न शरीराचा आणि लाजेचा असतो, आणि त्याबद्दल नवरा-बायकोही एकमेकांशी सहज बोलत नाहीत.

मी आतड्याची गाठ घेतो. पहिलं कारण हे की ती लपवता येते. शौचावाटे रक्त जातंय हे माणूस महिनोन् महिने मूळव्याध म्हणून स्वतःपासूनही लपवतो. दुसरं कारण, हे ऑपरेशन साधारण अडीच-तीन तासांचं असतं आणि तरीही बाहेरच्यांची अख्खी रात्र खातं. कथेचं बरचसं बळ याच विसंगतीतून येतं, ते पुढे येईलच.

तर आपला माणूस अरविंद, वय ५८. बायको सुधा. तीन दिवस पोट साफ नाही, कालपासून वायूही सरलेला नाही, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, दुपारपासून उलट्या. संध्याकाळी तातडीच्या विभागात आणलं.

दुसरी पायरी: आतलं वेळापत्रक लिहून काढा

हे कथेत येणार नाही. वेगळ्या कागदावर लिहा आणि समोर ठेवा.

- ५:०० तातडीचा विभाग. नाकातून पोटात नळी, लघवीची नळी, सलाईन, रक्ताचे नमुने.
- ७:३० सीटीस्कॅन. डाव्या बाजूला, आतड्याच्या शेवटच्या वळणाजवळ गाठ, तिच्या मागचं आतडं फुगलेलं. यकृतावर डाग दिसत नाहीत.
- ८:०० ते १०:३० शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढणं, रक्तगट जुळवून दोन पिशव्या राखून ठेवणं, थिएटर मोकळं होण्याची वाट.
- १०:४० ट्रॉली आत.
- ११:३५ पहिला छेद.
- १२:१५ राखून ठेवलेलं रक्त मागवलं.
- १२:५० सर्जनचा निर्णय: गाठ काढायची, पण आतड्याची टोकं जोडायची नाहीत.
- १:५० गाठ शरीराबाहेर.
- २:५० टाके पूर्ण.
- ३:२० भुलीची नळी काढली, स्वतःचा श्वास.
- ४:३० आयसीयूत हलवलं.
- ५:१० नातेवाइकांपैकी एकाला दोन मिनिटं आत.

संध्याकाळी ५ ते रात्री १०:४० हा वेळ लेखक हमखास गाळतात आणि रुग्णाला धावतपळत थिएटरात नेतात. खरं तर आतडं फुटलेलं नसेल तर आधी रुग्णाला भूल सोसेल अशा अवस्थेत आणावं लागतं. उलट्यांनी शरीर कोरडं पडलेलं असतं, पोटॅशियम घसरलेलं असतं, आणि तसंच टेबलावर घेतलं तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे उशीर हाही उपचाराचाच भाग असतो. बाहेरून तो बेपर्वाईसारखा दिसतो. सुधाला कुणीतरी हे भराभर सांगतं आणि तिला त्यातलं "अजून थोडा वेळ" एवढंच ऐकू येतं. इथेच तिचा पहिला चुकीचा अर्थ तयार होतो.

१२:५० चा निर्णय नीट समजून घ्या, कारण सकाळ त्यावर ठरते. रिकाम्या, स्वच्छ आतड्याची दोन टोकं शिवून जोडता येतात. अनेक दिवस तुंबलेल्या, सुजलेल्या आतड्याला टाके धरतीलच असं नाही. जोड गळला तर पोटात विष्ठा पसरते आणि जीव जाऊ शकतो. म्हणून सर्जन खालचं टोक बंद करतो आणि वरचं टोक पोटाच्या त्वचेतून बाहेर काढतो. त्यावर पिशवी लागते. याला स्टोमा म्हणतात. काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनने तो बंद करता येतो, पण प्रत्येकाच्या बाबतीत तशी वेळ येतेच असं नाही.

तिसरी पायरी: दोन घड्याळं

ऑपरेशनआधी सर्जन सांगतो, "अडीच-तीन तास लागतील." तो पहिल्या छेदापासून मोजतो. घरचे ट्रॉली आत गेल्यापासून मोजतात. मधल्या पाऊण-एक तासात भूल, सुया, नळ्या, रुग्णाला नीट झोपवणं, पोट औषधाने पुसणं, चादरी टाकणं हे चालू असतं. हा तास कुणीही नातेवाइकांच्या हिशोबात धरत नाही.

सुधाच्या हिशोबाने ऑपरेशन जास्तीत जास्त १:४० ला संपायला हवं. आत त्या वेळी दोन तास पाच मिनिटं झालेली आहेत आणि सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. १:४० उलटल्यावर सुधाच्या मनात जे सुरू होतं त्याला आत काहीच आधार नाही, पण ते पूर्ण खरं आहे. लेखकाला वादळ, रडारड, अपघात काही आणावं लागत नाही. हा फरक पुरेसा आहे. वाचकालाही तो समजावून सांगायचा नाही. सुधा मोजतेय तसंच त्यालाही मोजू द्यायचं.

दुसरी गफलत उलट्या दिशेने होते. २:१० ला बातमी येते की गाठ निघाली. सुधाला वाटतं, संपलं. ती उठते, पिशवी आवरते, मुलीला फोन करते. पण अजून पोट शिवायचं आहे, कापडी तुकडे आणि हत्यारं मोजायची आहेत, त्याला जागं करायचं आहे, तासभर नजरेखाली ठेवायचं आहे. आयसीयूत हलवायला साडेचार वाजणार. "झालं" असं मुलीला सांगून टाकल्यानंतरचे हे दोन तास वीस मिनिटं माझ्या दृष्टीने रात्रीतले सर्वांत कठीण आहेत. बहुतेक कथा नेमक्या याच तासांवरून उडी मारतात.

चौथी पायरी: दारातून काय बाहेर येतं

आता वेळापत्रकाशेजारी दुसरा स्तंभ करा: सुधाला काय दिसलं. तो जवळजवळ रिकामा राहील, आणि तसाच राहायला हवा. ११ च्या सुमारास रिकामी ट्रॉली बाहेर येते. १२:१५ ला वॉर्डबॉय चिठ्ठी घेऊन झपाझप जातो आणि थोड्या वेळाने थंड डबा घेऊन परततो. सव्वा वाजता दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना हाक येते. २:१० ला तिला. बस.

वॉर्डबॉय रक्त आणायला गेला हे सुधा त्याच्या हातातल्या चिठ्ठीवरून ओळखते. ते रक्त संध्याकाळीच राखून ठेवलेलं होतं आणि कदाचित लागणारही नाही, पण हे तिला कोण सांगणार? या प्रसंगाला चार-पाच वाक्यं द्या. त्यात तिला घाबरलेली दाखवू नका, तिला काहीतरी करू द्या. ती उठून त्याच्यामागे दहा पावलं जाते, मग दाराजवळ कुणी नको का, म्हणून परत येते. जागा सोडायची भीती या रात्रीत सतत असते. बाथरूमला जाऊन आलो आणि तेवढ्यात हाक आली तर? कितीतरी बाया या एका कारणाने रात्रभर पाणी पीत नाहीत.

हातांना काम हवं. थिएटरात जाण्याआधी पेशंटच्या अंगावरच्या वस्तू काढून नातेवाइकांकडे देतात: चष्मा, घड्याळ, अंगठी, कवळी, ऐकण्याचं यंत्र. अरविंदची कवळी एका छोट्या डबीत सुधाच्या हातात येते. वर्षानुवर्षं त्याने ती तिच्यासमोर काढलेली नाही, आणि आता ती तिच्या मांडीवरच्या पिशवीत आहे. मी एवढीच वस्तू ठेवली असती आणि चष्मा-घड्याळ सोडून दिलं असतं. तीन वस्तू आल्या की यादी होते.

दुसऱ्या पेशंटचा नातेवाईक एकच ठेवा. आईला आत पाठवलेला पंचविशीतला मुलगा चालेल. तो विचारतो, "तुमचे कोण आत आहेत?" आणि सुधाला पहिल्यांदाच "गाठ" हा शब्द स्वतःच्या तोंडाने बोलावा लागतो. सव्वा वाजता त्याला हाक येते, तो जातो आणि परत येत नाही. त्याच्या आईचं काय झालं हे सुधाला कळत नाही, आपणही सांगायचं नाही.

पाचवी पायरी: तिला राग येऊ द्या

या कथांमधल्या बायका फक्त काळजी करतात. काळजीला पुढे जायला वाट नसते. ती तासाभराने तेवढीच राहते आणि कथा साचते. रागाला वाट असते, कारण रागात प्रश्न असतो.

अरविंदने रक्त जात असल्याचं लपवलं. हे सुधाला कधी कळावं? आठवणीतून, कपाटातल्या चिठ्ठीतून नको. तातडीच्या विभागात, तिच्यासमोर, परक्या माणसाला उत्तर देताना कळावं. पेशंटला पहिल्यांदा विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात, आणि संसारात न झालेला संवाद त्या प्रश्नांमधून एका मिनिटात होतो:

> "रक्त किती दिवसांपासून जातंय?" डॉक्टरने कागदावरून मान वर न करता विचारलं.
> "रक्त नाही जात यांना," सुधा म्हणाली. "गॅसेसचा त्रास आहे जुना."
> अरविंद वर छताकडे बघत होता. "चार महिने," तो म्हणाला. "पाच असतील."
> डॉक्टरने लिहून घेतलं. "वजन?"
> "कमी झालंय."
> "किती?"
> "पट्ट्याला दोन भोकं पाडली."
> ती भोकं सुधाने पाहिली होती. नवा पट्टा घ्या, असं तिनेच म्हटलं होतं.

इथे "तिला धक्का बसला" हे वाक्य लिहायचा मोह होईल. ते लिहू नका. शेवटच्या वाक्यात तिचा स्वतःवरचाही राग आलेला आहे, आणि तोच रात्रभर पुरणार आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसावर चिडणं तिला शोभत नाही असं तिला वाटतं, आणि चीड तर जात नाही. तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरू लागतो: चार महिन्यांनी फरक पडला असता का?

भूतकाळ हवाच असेल तर तो याच चार महिन्यांचा असू द्या. लग्न, पहिलं घर, मुलांची आजारपणं बाजूला ठेवा. तो बाथरूममध्ये जास्त वेळ घेऊ लागला होता, प्रवासाला नको म्हणाला होता, रात्री उठून बसायचा. त्या वेळी क्षुल्लक वाटलेल्या या गोष्टींना आज दुसरा अर्थ आलाय. दोन प्रसंग खूप झाले, आणि प्रत्येक प्रसंग आत्ताच्या एखाद्या वस्तूवरून यायला हवा.

संमतीपत्राबद्दल एक सूचना. अशा कथांत नेहमी बायको थरथरत्या हाताने सही करते. अरविंद पूर्ण शुद्धीत आहे, त्यामुळे संमती त्याची स्वतःची. नातेवाइकाची सही सोबत घेतात, ती साक्षीदार म्हणून. हे बरोबर लिहिलं तर कथेला फायदाच होतो: डॉक्टर स्टोमाबद्दल त्याला समजावतो, सुधाला नाही. मग तो काळ्या मार्करने अरविंदच्या पोटाच्या डाव्या बाजूला एक फुली काढतो. ही फुली पट्ट्याच्या रेषेवर आणि कातडीच्या वळीत येऊ नये म्हणून अरविंदला आधी उठवून बसवून पाहतो. "हे कशाला?" सुधा विचारते. "गरज पडली तर," डॉक्टर म्हणतो. सुधा रात्रभर ती फुली विसरत नाही, पण तिचा अर्थ तिला २:१० नंतरच कळतो.

सहावी पायरी: दार उघडतं तो प्रसंग

काही रुग्णालयांत काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवतात. काही ठिकाणी फोटो दाखवतात, काही ठिकाणी नुसतं सांगतात. तुमच्या कथेतलं रुग्णालय काय करतं ते एकदाच ठरवा. मी ट्रे दाखवेन. सर्जन अजून आत शिवत असतो, म्हणून बाहेर येतो तो सहायक, तरुण, मास्क हनुवटीवर ओढलेला, घाईत.

> "अरविंदचे नातेवाईक कोण?"
> सुधा उठून उभी होतीच. त्याच्या हातात स्टीलचा ट्रे होता. त्यात वीतभर लांबीचं काहीतरी ओलसर, गुलाबी-करडं. मधोमध दोरीने आवळल्यासारखं.
> "ही गाठ," त्याने हातमोज्याच्या बोटाने दाखवलं. "वाट पूर्ण बंद होती. निघाली आहे. यकृत हाताला चांगलं लागलं. आतडं जोडलेलं नाही, पोटावर काढलंय. पिशवी लागेल."
> "एवढीच?" ती म्हणाली.
> "हो."
> "चार महिन्यांपूर्वी आलो असतो तर?"
> तो जरा थांबला. "अशी गाठ वाढायला वर्षं लागतात. चार महिन्यांपूर्वीही होतीच." आणि मग, ट्रे सावरत, "पण असं घाईत करावं लागलं नसतं."
> दार मिटलं. पिशवी म्हणजे कसली, हे तिने विचारलंच नव्हतं.

डॉक्टरची दोन्ही उत्तरं वैद्यकीयदृष्ट्या खरी आहेत. आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा एखाद्या साध्या कोंबापासून अनेक वर्षांत तयार होतो. त्याच वेळी, वाट बंद होण्याआधी निदान झालं असतं तर आतडं रिकामं करून, तयारीने, कदाचित जोड देऊन ऑपरेशन करता आलं असतं. सुधाला हवं होतं एक उत्तर. तिला मिळाली दोन, परस्परांना छेद देणारी, आणि विचारायला माणूस गेला. एका वाक्याने तिचा राग काढून घेतला जातो, दुसऱ्याने परत मिळतो.

डॉक्टर काय बोलत नाही ते पाहा. "सगळी गाठ काढली, आता धोका नाही" असं तो म्हणू शकत नाही. आजार किती पसरलाय हे आतडं आणि त्यासोबत काढलेल्या लसिकाग्रंथी तपासल्याशिवाय कळत नाही आणि तो अहवाल यायला कित्येक दिवस लागतात. पहाटे कर्करोगाचा निकाल लावणारी कथा खोटी ठरते. डॉक्टरच्या तोंडी छोटी वाक्यं द्या, उपमा देऊ नका, धीर देऊ देऊ नका. रात्री दोन वाजता तो दमलेला आहे आणि त्याला परत हात धुवायचे आहेत.

सातवी पायरी: साडेचारपर्यंतची पानं

२:१० नंतर कथा मंदावू द्या. सुधाने मुलीला "निघाली गाठ, झालं" असं सांगितलंय. पावणेतीन वाजतात, तीन वाजतात, कुणी बाहेर येत नाही. आता परत फोन करून काय सांगणार? "पिशवी" या शब्दाभोवती ती फिरत राहते आणि मग मार्करची फुली त्याला जुळते. ती कुठे होती हे पाहायला ती बसल्या जागी स्वतःच्या पोटावर, साडीवरून, हात ठेवते. ही एक हालचाल पुरेशी आहे. तिथे तिचे विचार लिहू नका.

वाक्यांची लांबीही इथे बदला. १:४० ते २:१० वाक्यं तुटक होती. आता ती लांब, सैल, एकीतून दुसरीत जाणारी हवीत, कारण जागरणाने तिचं लक्ष टिकत नाही. वेळ सांगायचा तो क्वचित. आधी ती दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती, आता बघायचं सोडलंय, हे वाचकाला आकडे न आल्यानेच कळेल.

आठवी पायरी: शेवट कुठे

मृत्यूवर संपवलं तर आधीची सगळी चुकीच्या अर्थांची बांधणी वाया जाते. तो डोळे उघडून हसला यावर संपवलं तर रागाचं काय झालं हा प्रश्न तसाच राहतो. मला शेवट आयसीयूतल्या दोन मिनिटांत हवा आहे, कारण तिथे एक गोष्ट लेखकाच्या बाजूने आहे. भुलीतून बाहेर येणारा माणूस बोलतो, उत्तरं देतो, हात दाबतो, आणि त्यातलं बरंचसं त्याला नंतर आठवत नाही. म्हणजे सुधा त्या दोन मिनिटांत जे विचारेल, ते तिच्या एकटीजवळ राहील.

तपशील बरोबर ठेवा. चेहऱ्यावर ऑक्सिजनचा मास्क, नाकात नळी, घशातल्या नळीमुळे आवाज घोगरा. कवळी नसल्याने गाल बसलेले आणि शब्द अस्पष्ट. तो पाणी मागतो आणि ते देता येत नाही. सिस्टर ओला कापूस ओठांवर फिरवायला देते. चादर पोटावर उंचावलेली आहे. स्टोमा लगेच काम करत नाही, त्याला काही दिवस लागू शकतात, म्हणून भरलेली पिशवी दाखवू नका.

> "अहो," ती वाकून म्हणाली. "मला का नाही सांगितलंत?"
> त्याने डोळे उघडले, मिटले. "सांगितलं होतं ना," तो म्हणाला. "तुला."
> "कधी?"
> "बाई, वेळ झाली," सिस्टर म्हणाली.

कथा इथे संपते. तो भुलीत बोलतोय की खरंच त्याने कधी सांगितलं होतं आणि तिने पट्ट्यासारखंच तेही ऐकून सोडून दिलं होतं, हे लेखकानेही ठरवू नये. मात्र दोन्ही शक्यतांना आधीच्या पानांत जागा हवी. त्यासाठी त्या चार महिन्यांच्या दोन प्रसंगांपैकी एकात अरविंद काहीतरी बोलायला लागतो आणि सुधा दुसऱ्या खोलीतून "हं, बोला" म्हणते, एवढी एक ओळ घाला. ती पहिल्या वाचनात कुणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी हवी: परिच्छेदाच्या मध्यात, दुसऱ्या कामाच्या वर्णनात.

नववी पायरी: तपासणी

मसुदा झाल्यावर कथेतल्या सगळ्या वेळा एका कागदावर उतरवा आणि आतल्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. सुधाला एखादी गोष्ट ती बाहेर येण्याआधीच कळली आहे का, हे शोधा. अशी एक तरी जागा सापडतेच, बहुधा स्टोमाबाबत. त्यानंतर भीती, काळजी, धडधड, सुन्न हे शब्द पेनाने खुणवा. त्यांच्या शेजारच्या वाक्यात ती काही करत असेल तर शब्द काढून टाका. करत नसेल तर तिला काही करायला द्या. शेवटी ती पानं थिएटरात रात्रपाळी केलेल्या एखाद्या सिस्टरला वाचायला द्या आणि कथा आवडली का ते न विचारता, ती कुठे थांबली ते विचारा.